स्तर आणि पटल

द्रायुयामिकीच्या एका व्याख्यानाचा मसुदा मराठीत आणण्याचे काम मजकडे आले, तेव्हा प्रारंभी रूढ परिभाषाच पुढे चालविण्याची माझी तजवीज होती. लॅमिनार प्रवाहास ‘स्तरीय प्रवाह’ आणि बाउंडरी लेयरला ‘सीमास्तर’ हे शब्द पृथक्पणे पाहिले असता निर्दोष वाटतात. परंतु प्रांटल यांनी 1904 साली मांडलेल्या कल्पनेचे विवेचन आले आणि लेखणीतून ‘स्तरीय सीमास्तर’ हा जोडशब्द उतरला, त्या क्षणी दोषाचे मूळ दिसले. पहिल्या पदातील स्तर म्हणजे एकमेकांवरून न मिसळता सरकणारी, मनाने कल्पिलेली असंख्य पातळ पाती. दुसऱ्यातील स्तर म्हणजे भिंतीलगतचा तो एकच प्रदेश, ज्यात पाण्याचा वेग भिंतीपाशी शून्य असून बाहेरच्या मुक्त प्रवाहाच्या नव्याण्णव टक्क्यांपर्यंत वाढत जातो. या दोहोंस एकच नाव दिल्यास प्रत्येक सीमास्तर स्वभावतःच स्तरीय असतो, असा विद्यार्थ्याचा ग्रह व्हावयाचा; वस्तुतः सपाट पट्टीवरून पाणी पुढे जाऊ लागले की काही अंतरानंतर हा सीमास्तर स्वतःच प्रक्षुब्ध होतो. म्हणून ‘स्तर’ मी भिंतीलगतच्या प्रदेशापुरता राखून ठेविला आणि पहिल्या प्रवाहास ‘पटलीय’ म्हटले.

टर्ब्युलंटसाठी ‘खळाळता’ हा शब्द मोहक होता खरा, पण तो कानाला फसवितो. 100 मिलिमीटर व्यासाच्या नळातून सेकंदाला एक मीटर वेगाने निघालेले पाणी काचेसारखे नितळ दिसले तरी त्याचा रेनल्ड्स अंक लाखाच्या घरात जातो. पटलीय राहण्यासाठी तो सुमारे दोन हजारांच्या खाली हवा, म्हणजे त्याच नळात वेग सेकंदाला दोन सेंटीमीटरच्या आसपास उतरावयास हवा. रेनल्ड्स यांनी 1883 साली काचनळीत रंगाचा धागा सोडून पाहिला, तो अशाच भेदासाठी: धागा अखंड राहिला तर पटलीय, विस्कटून सर्वत्र पसरला तर प्रक्षुब्ध. म्हणून ‘प्रक्षुब्ध’ हाच शब्द मी कायम केला, कारण तो आवाजाविषयी काही बोलत नाही.

‘शीर्षहानी’ या पदात मात्र फेरफार न करता त्याखाली हिशेब मांडणे मला श्रेयस्कर वाटले. पंपाच्या पाटीवर ‘हेड’ मीटरांत लिहिलेला असतो, त्यामुळे शीर्ष म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची, हे एकदा सांगितले की पुरते. वरच्याच नळाची लांबी शंभर मीटर आणि घर्षणगुणांक 0.02 धरला, तर सुमारे एक मीटर उंचीची घट येते. वेग दुप्पट केला आणि गुणांक तोच राहिला, तर घट चार मीटरांवर जाते, तर पटलीय प्रवाहात ती केवळ दुप्पट झाली असती. ‘हानी’ शब्दावरून ऊर्जा नष्ट झाली असे कोणी समजेल, म्हणून ती उष्णतारूपाने पाण्यातच व नळाच्या भिंतीत जाते, हे वाक्य मी हिशेबालगतच घातले. शब्दाला जे झेपत नाही, ते त्याच्या शेजारच्या वाक्याने उचलावे, एवढीच या कामातील माझी रीत आहे.