शिवणीतली माया

आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. दरवर्षी मे महिन्यात मुलांना तिथे उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची, रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. हे आम्ही हौसेने सुरू केलं नाही. एका वर्षी युनिफॉर्म घेताना चूक झाली आणि तिचा त्रास आमच्या मुलाला झाला, तेव्हापासून ही सवय लागली.

थोरला अरहान तेव्हा तिसरीत जाणार होता. दोन जोड युनिफॉर्म, बूट, दप्तर, वह्या, सगळा खर्च एकाच महिन्यात आला होता. दुकानात त्याला अठ्ठावीस नंबरचा शर्ट नीट बसत होता. आम्ही बत्तीस घेतला. पोरगं वाढतंय, दोन वर्षं तरी चालेल, असा आमचा हिशेब. हाफ पँटही तशीच, पट्ट्याने आवळून घातलेली. दुकानदारही "वाढत्या अंगाचा आहे" म्हणाला आणि आम्हाला बरं वाटलं.

त्या शर्टाचा खांदा दंडावर उतरायचा, बाही कोपराच्या खाली लोंबायची. दप्तर पाठीवर घेतलं की कॉलर मागे ओढली जायची आणि गळा उघडा पडायचा. अरहान दिवसभर शर्ट सावरत असायचा. पंधरा ऑगस्टच्या संचलनात त्याचं नाव पहिल्या रांगेत होतं. त्या सकाळी तो पोटात दुखतंय म्हणून अंथरुणातून उठेना. दादीने जवळ घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की वर्गातली मुलं त्याला विचारत होती, "अब्बांचा शर्ट घातलास का?"

आणि ज्या बचतीसाठी हे केलं, ती तरी झाली का? नाही. आम्ही चिपळूणला राहतो. इथल्या पावसात दोन जोड आलटून पालटून धुवावे लागतात, घरात दोरीवर वाळवावे लागतात. एप्रिल आला तेव्हा कॉलरची घडी विरली होती, खिशाचा कोपरा फाटला होता, पांढरा रंग पिवळट झाला होता. शर्ट अंगाला बसू लागायच्या आधीच त्याचा जीव संपला होता. रोज घालायचा शाळेचा कपडा जेमतेम एक वर्ष टिकतो. मग दोन वर्षांच्या वाढीची जागा ठेवून उपयोग काय? हिशेब एकाच वर्षाचा करायचा, हे तेव्हा समजलं.

काही वर्षांनी धाकटी आफरीन पाचवीत गेली. तिच्या शाळेत पाचवीपासून मुलींना सलवार-कमीज असते. या वेळी आम्ही कापड घेऊन आमच्या टेलर मास्टरांकडे गेलो आणि सांगितलं, "जरा ढगळच शिवा." मास्टरांनी टेप गळ्यात टाकली आणि म्हणाले, "भाभी, ढगळ नाही शिवत. अंगाला बरोबर शिवतो आणि वाढीचं कापड आत लपवतो. लागेल तेव्हा काढू." शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी लोक माया म्हणतात. वाढीची जागा अंगावर दिसू नये, ती या मायेत असावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पण माया किती ठेवायची? त्यासाठी चौकटीवरच्या रेघा उपयोगी पडल्या. आफरीन आठव्या वर्षी 121 सेंटिमीटर होती, नवव्या वर्षी साडेसव्वीस अधिक शंभर, दहाव्या वर्षी 132. म्हणजे वर्षाला साडेपाच सेंटिमीटर, सव्वादोन इंचांच्या आसपास. या वयापर्यंत बहुतेक मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. मास्टर म्हणाले, "दहा-अकराव्या वर्षी मुली एकदम उंच होतात. तीन इंचांची तयारी ठेवू." मुलांमध्ये ही उडी साधारण दोन वर्षं उशिरा येते.

मग त्यांनी माप घेतलं. खांद्याला अर्ध्या इंचाहून जास्त सूट दिली नाही. त्यांचं कारण साधं होतं. लांबी आणि घेर नंतर वाढवता येतो, पण खांदा आणि गळा एकदा मोठा कापला की तो लहान करायला सगळा कपडा उसवावा लागतो. म्हणून शिवणं असो की तयार घेणं असो, पहिल्यांदा खांदा बघायचा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यायला हवी.

कमीजच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीत त्यांनी एकेक इंच माया ठेवली. प्रत्येक बाजूला पुढचं आणि मागचं असे दोन पदर, म्हणजे एकूण चार पदर. प्रत्येक पदरातून अर्धा इंच सोडला तरी छातीचा घेर दोन इंच वाढतो. खालची दुमड नेहमी पाऊण इंच असते, ती दोन इंच ठेवली. बाहीची दुमड दीड इंच. बाही मनगटाकडे निमुळती होते, म्हणून आत दुमडायचं कापड त्यांनी उलट, बाहेर पसरत जाणारं कापलं. तसं केलं नाही तर दुमड आतून आखडते आणि बाही ओढल्यासारखी दिसते.

सलवारीच्या पायच्यात कडक कॅनव्हास घातलेला असतो, त्यामुळे ती खालून सोडता येत नाही. मग तिथली वाढ त्यांनी वर ठेवली. नेफ्याच्या खाली अर्ध्या अर्ध्या इंचाचे दोन आडवे टक घातले. टकात कापड दुहेरी होतं, म्हणून अर्ध्या इंचाचा टक उसवला की एक इंच लांबी मिळते. दोन टकांचे दोन इंच. वरून कमीज असल्याने ते कुणाला दिसतही नाहीत.

कपडा तयार झाल्यावर आफरीनला आरशासमोर फक्त उभं केलं नाही. मास्टरांनी तिला दोन्ही हात वर करायला लावले, मांडी घालून बसवलं, दप्तर पाठीवर दिलं. हात वर केल्यावर बगलेत ओढ बसली तर मुंढा लहान आहे. दप्तर घेतल्यावर गळा मागे सरकला तर खांदा मोठा आहे. ही परीक्षा आता आम्ही तयार कपड्यांच्या दुकानातही घेतो.

दिवाळीच्या सुट्टीत रेघ पाहिली तर आफरीन साडेतीन सेंटिमीटर वाढली होती. दादीने चष्मा लावून सलवारीचा एक टक उसवला, बाहीची दुमड अर्धा इंच सोडली आणि आतून हातशिलाई घातली. एका दुपारचं काम. फेब्रुवारीत दुसरा टक सोडला, कमीजची खालची दुमडही सव्वा इंच खाली आणली. तिथे मात्र एक अडचण आली. जुन्या घडीवर आडवी फिकट रेघ उमटलेली होती. वर्षभर घासून आणि इस्त्रीच्या दाबाने घडीचा रंग जातो, आणि आतलं कापड ऊन न लागल्यामुळे गडदच राहतं. विरलेला रंग कशानेही परत येत नाही. दादीने त्याच रंगाच्या दोऱ्याने रेघेवरून मशीनच्या दोन टिपा मारल्या आणि ती नक्षीसारखी दिसू लागली. तेव्हापासून आम्ही युनिफॉर्म उलटा करून सावलीत वाळवतो आणि दुमडीच्या कडेवर इस्त्री दाबत नाही.

मार्चमध्ये खरी कसोटी लागली. बाजूची माया सोडून छाती सैल झाली, पण बगल आवळतच राहिली. मुंढ्याच्या गोलाईत माया ठेवून फारसा उपयोग नसतो, ती सोडायला गेलं की आकार बिघडतो. दीड महिन्यासाठी नवी कमीज शिवायची का, हा प्रश्न पडला. मास्टरांनी दोन्ही बगलेत चौकोनी तुकडा, चौबगला, बसवून दिला. जुन्या कुर्त्यांमध्ये तो असायचाच. त्यासाठी कापड होतं, कारण शिवून घेतानाच आम्ही उरलेले तुकडे मागून आणले होते. मास्टरांच्या सांगण्यावरून त्यातला एक तुकडा वर्षभर कमीजबरोबरच धूत होतो. त्यामुळे तो तेवढाच फिका झाला होता आणि ठिगळ उठून दिसलं नाही. मे महिन्यात चौकटीवर 140 ची रेघ आली. साडेपाचच्या जागी आठ सेंटिमीटर. तरी तीच कमीज आणि तीच सलवार तिने शेवटच्या पेपरापर्यंत घातली.

अरहानचे शर्ट मात्र अजून दुकानातूनच येतात. तिथे आम्ही दुकानदाराचं तोंडी माप ऐकत नाही, कारण एका दुकानाचा तीस नंबर दुसऱ्याच्या बत्तीसएवढा निघतो. आधी शर्ट उलटा करून आत पाहतो. बाजूची शिवण ओव्हरलॉकने पाव इंचावर कापलेली असेल तर तो शर्ट वर्षभरात तसूभरही वाढणार नाही. मग खांदा चालेल इतपत, फक्त एकच नंबर मोठा घ्यायचा आणि जास्तीची बाही आतल्या बाजूला टीप घालून आखूड करायची. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत आणि खालच्या दुमडीत इंच-दीड इंच तरी कापड आहे का, हे बोटाने चाचपायचं. सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायचं, कारण पहिल्या धुण्यात ते आटतं आणि ठेवलेली माया तिथेच संपते. पॉलिस्टर जास्त असलेलं कापड असं आटत नाही.

या मे महिन्यात दोघांच्या रेघा मारून झाल्या. अरहान आता तेराचा आहे आणि या वर्षी त्याची रेघ सात सेंटिमीटर वर सरकली. त्याची उडी आता सुरू झाली असावी. दुकानात त्याने स्वतःच शर्ट उलटा करून शिवण पाहिली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "अम्मी, हा खांद्याला बसतो. हाच घेऊ." आम्ही तोच घेतला.