आधी वेदना की आधी रक्त?

‘मूळव्याध’ हा शब्द आपल्याकडे फार ऐसपैस वापरला जातो. शौचाच्या जागी दुखले, रक्त आले, खाज सुटली किंवा हाताला काही कोंबासारखे लागले, की त्या सगळ्याचे नाव मूळव्याध. रुग्ण येतो तोच हे निदान घेऊन, आणि त्याच्या संकोचाला मान द्यावा म्हणून डॉक्टरही कित्येकदा ते तसेच स्वीकारतो. मीही एकदा ते स्वीकारले होते, आणि त्याची किंमत माझ्या रुग्णाने तीन महिने मोजली.

त्या निवृत्त शिक्षिका होत्या, वय ७१. आमच्या तालुक्याच्या गावात दोन पिढ्या त्यांच्या हाताखाली शिकल्या. माझ्या मुलीलाही त्यांनीच शिकवले, त्यामुळे मी त्यांना ‘बाई’च म्हणतो. एका संध्याकाळी त्यांचा मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, “आईची मूळव्याध उठली आहे. दवाखान्यात यायला ती तयार नाही. एखादे मलम लिहून द्याल का?” बाईंचा स्वभाव मला ठाऊक होता. मी रुग्णाला न पाहता मूळव्याधीचे एक प्रचलित मलम लिहून दिले. चिठ्ठीवर पंधरा दिवस असे लिहिले होते. पण मलम दुकानात सहज मिळत होते आणि ते तीन महिने चालू राहिले.

तीन महिन्यांनी त्यांची सून त्यांना घेऊन आली. “डॉक्टर, आईंनी जेवणच कमी केले आहे. रात्री नुसता वाटीभर मऊ भात खातात. विचारले की भूक नाही म्हणतात,” ती म्हणाली. बाई खुर्चीच्या एका कडेवर अंग तोलून बसल्या होत्या. मी विचारले, “बाई, शौचाला बसल्यावर नेमके काय होते ते क्रमाने सांगा. आधी दुखते की आधी रक्त दिसते?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आधी दुखते. काचेचा तुकडा बाहेर पडावा तसे. रक्त फारसे नसते. धुताना बोटांना लागते, कधी मळावर एखादी रेघ दिसते. खरे दुखणे नंतरच सुरू होते. दोन-दोन तास आग होते, बसवत नाही. म्हणून खाणेच कमी केले. खाल्ले नाही तर जावे लागणार नाही.”

निदान या उत्तरातच होते. तीन महिन्यांपूर्वी हा एक प्रश्न मी मुलाच्या तोंडून जरी विचारून घेतला असता, तरी ते मलम मी लिहिले नसते.

या दोन विकारांतला फरक समजण्यासाठी त्या जागेची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागते. गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटिमीटरवर एक सीमारेषा असते. तिच्या वरच्या भागातील अस्तराला टोचल्या-कापल्याची वेदना जाणवत नाही. तिच्या खालची त्वचा मात्र अतिशय संवेदनशील असते. नेहमीची, म्हणजे आतली मूळव्याध या रेषेच्या वर असते. तिथे रक्तवाहिन्यांच्या मऊ उशा असतात आणि त्या फुगून खाली सरकतात. म्हणून मूळव्याधीत शौचाच्या शेवटी लालभडक रक्त थेंबाथेंबाने गळते, कधी पिचकारीसारखे उडते. पण रुग्ण म्हणतो, दुखत काहीच नाही. फिशर म्हणजे रेषेच्या खालच्या नाजूक त्वचेला पडलेली चीर. आयुर्वेदात तिला परिकर्तिका म्हणतात. नावातच कर्तन, म्हणजे कापणे आहे. इथे वेदना पुढे आणि रक्त मागे असते. मूळव्याधही कधीकधी दुखते, हे खरे. बाहेरच्या मूळव्याधीत रक्ताची गाठ धरली, तर एकाएकी निळसर, टणक आणि अतिशय दुखरा फुगा येतो. पण तो फुगा शौचाला गेले वा न गेले तरी दिवसभर ठणकतो. चिरेची वेदना शौचाच्या क्षणाला बांधलेली असते.

बाईंना भीती तपासणीची होती. आत बोट किंवा यंत्र घातले जाईल, असे त्यांनी ऐकले होते. खरे तर इतक्या दुखऱ्या अवस्थेत तसे करूच नये. सुनेला शेजारी उभे करून मी त्यांना डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवले आणि फक्त त्वचा हलकेच बाजूला करून पाहिले. गुदद्वाराच्या मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेने, बरोबर मध्यरेषेवर जेमतेम सेंटिमीटरभराची चीर होती. तिच्या बाहेरच्या टोकाशी त्वचेचा एक छोटा लोंबता तुकडा होता. चीर जुनी झाली की तिच्या दाराशी तो पहारेकऱ्यासारखा उभा राहतो. धुताना हाताला लागणारा हाच तो ‘मोड’. त्याच्यामुळेच घरात मूळव्याधीचे नाव पक्के झाले होते. सगळे पाहायला एक मिनिटही लागले नाही.

माझ्या मलमाने दोन तोटे केले होते. त्यात स्टेरॉइडचा अंश होता. असे मलम दीर्घकाळ लावले की त्वचा पातळ होते. चिरेच्या जागी ती आधीच दुबळी असते. दुसरे म्हणजे, चिरेच्या मूळ कारणाला त्याने हातच लावला नव्हता. कडक मळाने त्वचा फाटते. वेदनेमुळे आतला स्नायू आकसतो; हा स्नायू आपल्या इच्छेच्या ताब्यात नसतो. आकसलेल्या स्नायूमुळे तिथला रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरत नाही. दुखेल या धास्तीने रुग्ण शौच टाळतो, मळ आत राहून अधिक सुकतो आणि पुढच्या वेळी तीच चीर पुन्हा उसवते. बाईंनी खाणे कमी करून हे चक्र अधिकच घट्ट केले होते.

मळ कडक का झाला, याचा शोध सुनेच्या मदतीने लागला. दाढा काढल्यापासून बाई भाकरी आणि कोशिंबीर सोडून मऊ भातावर आल्या होत्या. गुडघेदुखीमुळे रात्री उठणे नको, म्हणून दुपारनंतर पाणी पीत नव्हत्या. त्याच गुडघ्यांसाठी ट्रॅमाडॉल आणि हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या. या दोन्ही बद्धकोष्ठ करतात. आपल्या घरी वृद्ध माणसाला हा त्रास सुरू झाला असेल, तर नव्या औषधाआधी जुन्या गोळ्यांचा डबा डॉक्टरांसमोर ठेवावा. मी ट्रॅमाडॉल बंद करून गुडघ्यांसाठी वेगळा उपाय दिला.

मग उपचार लिहिले. रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचे, वर आणखी थोडे पाणी घ्यायचे. पोटात वायू धरू नये म्हणून पहिले काही दिवस एकच चमचा. ज्यांना गिळायला त्रास होतो, किंवा हृदय-मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचे पाणी मोजून दिलेले आहे, त्यांनी मात्र इसबगोल विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांच्यासाठी लॅक्ट्युलोजसारखे औषध असते. शौचानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बसायचे. बाईंना जमिनीवर बसवत नव्हते, म्हणून कमोडवर ठेवता येईल असे पसरट भांडे आणवले. पाण्यात जंतुनाशक घालण्याची गरज नसते. ऊब स्नायू सैल करते, तेवढेच हवे असते. पाणी आधी सुनेने स्वतःच्या कोपराने पाहायचे, कारण मधुमेही व वृद्धांना चटका कळत नाही. आणि उठताना हात द्यायचा, कारण भोवळ येऊ शकते.

मलम बदलून डिल्टियाझेमचे २ टक्क्यांचे दिले. ते स्नायू सैल करून रक्तपुरवठा वाढवते. वाटाण्याएवढे घेऊन दिवसातून दोनदा गुदद्वाराच्या कडेला लावायचे. त्याने कुणाला खाज येते, कुणाचे डोके दुखते, कुणाचा रक्तदाब उतरतो. म्हणून वृद्धांना ते रक्तदाब पाहूनच द्यावे लागते.

दहा दिवसांत वेदना निम्म्यावर आली. तिसऱ्या आठवड्यात नात्यातले लग्न निघाले. दुखत नाही म्हणून बाईंनी मलम आणि इसबगोल दोन्ही बंद केले. चौथ्या आठवड्यात पुन्हा तीच काच. वेदना थांबणे आणि चीर भरणे यांत कित्येक आठवड्यांचे अंतर असते. उपचार सहा ते आठ आठवडे पूर्ण करावे लागतात आणि मळ मऊ ठेवण्याचा नेम त्यानंतरही सोडायचा नसतो. तेवढ्यानेही चीर भरली नाही, तर सर्जनकडे इंजेक्शनचा किंवा छोट्या शस्त्रक्रियेचा मार्ग असतो. पण बाळंतपणे झालेल्या वृद्ध स्त्रियांत स्नायू कापल्याने वायू वा मळ आवरण्याची शक्ती कमी होऊ शकते, म्हणून तो निर्णय तोलूनमापून घेतात. बाईंवर ती वेळ आली नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी आठ आठवडे नेम पाळला आणि चीर भरली.

एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. त्यांचे हिमोग्लोबिन ११.२ होते, आणि मळावरच्या एखाद्या रेघेने ते इतके उतरत नाही. पन्नाशीनंतर रक्त दिसले, तर चीर सापडली म्हणून तपास थांबवू नये. एकाच माणसाला दोन कारणे असू शकतात. रक्त काळपट किंवा मळात मिसळलेले असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल, पोट साफ झाले नाही असे सतत वाटत असेल, तर आतड्याच्या कर्करोगाचा विचार करावाच लागतो. चीर मध्यरेषेवर नसून बाजूला असेल, तरी क्षयासारखे वेगळे कारण शोधावे लागते. ताप आणि सूज यांसह ठणका असेल, तर पू झाला असण्याची शक्यता असते. त्या दिवशीच डॉक्टर गाठावा. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती घरच्या घरी बंद करू नये.

चीर भरल्यावर मी बाईंना जिल्ह्याच्या गावी कोलोनोस्कोपीला पाठवले. आतडे स्वच्छ होते. हिमोग्लोबिन घटले ते वाटीभर भाताने. जेवण सुधारल्यावर तेही हळूहळू चढले. अहवालाच्या शेवटी एक ओळ होती : पहिल्या पायरीची आतली मूळव्याध, त्रास नाही.

बाईंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. म्हणाल्या, “म्हणजे मूळव्याध होतीच की!”

“होती,” मी म्हणालो, “पण दुखत होती ती नव्हे.”

त्या दिवसापासून मूळव्याधीचे मलम मी न पाहता लिहून देत नाही. कुणी निरोप घेऊन आला, तर तो प्रश्न त्याच्यामार्फत घरी पाठवतो आणि उत्तर घेऊन रुग्णालाच यायला सांगतो.