आधी विकण्याची वाट

स्क्रीनर उघडला की बहुतेकांचा हात पहिल्यांदा पी/ई गुणोत्तराकडे जातो. स्वस्त, कमी कर्जाची, चांगला परतावा देणारी कंपनी शोधायची आणि मग बाकीचं बघायचं, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. मी वॉचलिस्ट बनवताना हा क्रम उलटा ठेवतो. पहिली चाळणी तरलतेची, दुसरी चढउताराची आणि शेवटची ताळेबंदाची. कारण कंपनी कितीही उत्तम असली, तरी हवा तेव्हा शेअर विकता येत नसेल तर आपला हिशेब कागदावरच राहतो.

तरलता मोजताना शेअरची संख्या बघू नये, रुपयांतली उलाढाल बघावी. पाच रुपयांच्या शेअरचे एक लाख नग म्हणजे फक्त पाच लाख रुपये. किती उलाढाल पुरेशी, हे आपल्या रकमेवर ठरतं. एका शेअरमध्ये दोन लाख घालायचे असतील आणि आपला व्यवहार दिवसाच्या उलाढालीच्या एक टक्क्याच्या आत ठेवायचा असेल, तर रोजची उलाढाल किमान दोन कोटी हवी.

इथे सरासरी फसवते. समजा, गेल्या वीसपैकी अठरा दिवस एका शेअरमध्ये रोज चाळीस लाखांचीच उलाढाल झाली आणि दोन दिवस मोठे सौदे होऊन प्रत्येकी अठरा कोटींची. एकूण ४३.२ कोटी, सरासरी २.१६ कोटी. शेअर चाळणीतून सहज पार होतो. पण विकायला आपण जाणार ते त्या अठरांपैकीच एखाद्या दिवशी, आणि तेव्हा आपले दोन लाख म्हणजे बाजाराचे पाच टक्के. म्हणून सरासरीऐवजी मध्यक घ्यावा. तुमच्या स्क्रीनरमध्ये मध्यक नसेल, तर एनएसईच्या रोजच्या भावकॉपीतले उलाढालीचे आकडे स्प्रेडशीटमध्ये घेऊन तो काढता येतो.

चढउतारासाठी मी चौदा दिवसांचा एटीआर भावाच्या टक्केवारीत बघतो. शेअर दिवसाला साधारण किती हलतो, आदल्या दिवशीच्या बंद भावापासून पडलेली दरी धरून, ते हा आकडा सांगतो. भाव ४०० आणि एटीआर १२ असेल तर तीन टक्के. त्यावरून किती शेअर घ्यायचे तेही ठरतं. दोन एटीआर, म्हणजे २४ रुपये खाली बाहेर पडायचं आणि एका सौद्यात चार हजारांहून अधिक गमवायचे नाहीत असं ठरवलं, तर १६६ शेअर, म्हणजे सुमारे ६६ हजारांची खरेदी. दोन लाखांची मर्यादा इथे आपोआप खाली येते.

एटीआर कमी असला म्हणजे शेअर शांत आहे असं मात्र नाही. एक्स्चेंज काही शेअरना दोन टक्क्यांचं सर्किट लावतं. असा शेअर रोज लोअर सर्किटला बंद होत असेल, तर त्याचा एटीआर दोन टक्क्यांच्या आसपासच दिसतो. प्रत्यक्षात तिथे विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारा कुणी नसतो. दोन आणि पाच टक्के सर्किटचे शेअर मी म्हणूनच आधी बाजूला काढतो. एक्स्चेंजच्या एएसएम आणि जीएसएम या निगराणीच्या याद्याही तेव्हाच ताडून बघतो.

आता ताळेबंद. इथे अटी थोड्याच ठेवाव्यात:

```
Return on capital employed > 15 AND
Debt to equity < 0.5
```

या अटींनी बँका आणि वित्तसंस्था जवळजवळ सगळ्या गळतात, कारण उसना पैसा हाच त्यांचा कच्चा माल. त्यांच्यासाठी वेगळी चाळणी हवी. बुडीत कर्जं आणि भांडवल पर्याप्तता तिथे महत्त्वाची.

उरलेल्या प्रत्येक कंपनीचा नफा उलगडून बघावा. बाजारमूल्य ५०० कोटी आणि नफा ५० कोटी, म्हणजे पी/ई दहा, स्वस्त वाटतं. पण त्यातले तीस कोटी जमीन विकून आले असतील तर धंद्याचा नफा वीस कोटीच, आणि खरा पी/ई पंचवीस. ही गोष्ट निकालातल्या ‘इतर उत्पन्न’ किंवा ‘अपवादात्मक बाबी’ या ओळींत सापडते. अनेक वर्षांच्या नफ्याशेजारी कामकाजातून आलेली रोख ठेवली, तरी विसंगती लगेच डोळ्यांत भरते.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. कंपन्या नफातोटा दर तिमाहीला जाहीर करतात, पण ताळेबंद आणि रोखप्रवाह सहामाहीला. स्क्रीनरवरचं कर्ज त्यामुळे कित्येक महिने जुनं असू शकतं. म्हणून सप्टेंबर आणि मार्चचे निकाल आले की मी पूर्ण चाळणी पुन्हा लावतो. प्रत्येक नावापुढे ते यादीत का आलं ते एका ओळीत लिहितो, आणि गळालेल्या नावांपुढे कोणत्या अटीवर गळालं तेही. उलाढाल आटल्यामुळे गळालेला शेअर आपल्याकडे असेल, तर विक्रीचा विचार त्याच आठवड्यात करावा. कर्जाच्या अटीवर गळालेल्या कंपनीचा ताळेबंद आधी वाचावा, मग ठरवावं.