आजीचे दात

आजी-आजोबांचा एकत्र असा आमच्या घरात एकच फोटो आहे. चाकूरच्या जुन्या वाड्याच्या अंगणात, लिंबाखाली, फिरत्या फोटोग्राफरनं काढलेला. सहा इंच रुंद, चार इंच उंच. आजोबा लाकडी खुर्चीवर, शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली आजी आणि पुढं सतरंजीवर तीन लेकरं, त्यांतली एक माझी आत्या. एका फोटोवरून पाच सेकंदांचा व्हिडिओ तयार करणाऱ्या एआय साधनाला मी हा फोटो दिला आणि इंग्रजीत लिहिलं: फोटो जिवंत कर, सगळे हसताहेत, एकमेकांकडं बघताहेत.

आजी हसली. पांढरेशुभ्र, एका ओळीतले दात दिसले. आत्यानं फोन हातात घेतला, जवळ नेला आणि म्हणाली, "ही माय न्हाई माझी. मायचे दात मिशेरीनं काळे झालते. म्होरला एक पडलाबी होता."

माझी सगळ्यात मोठी चूक इथंच होती. फोटोत आजीचे ओठ मिटलेले आहेत. आत दात कसे होते, हे त्या कागदावर कुठंच नाही. तोंड उघडायला सांगितलं की यंत्राला दात कुठून तरी आणावेच लागतात, आणि ते असंख्य परक्या चेहऱ्यांवरून शिकलेले दात बसवतं. मान वळवायला सांगितलं तर गालाची न दिसलेली बाजू ते मनानं रंगवतं. पापणी मिटून उघडली तर उघडलेला डोळा नव्यानं काढलेला असतो आणि तो पहिल्यासारखा असेलच असं नाही. आजोबांचा डावा डोळा किंचित बारीक होता. पहिल्या उघडझापीनंतर दोन्ही डोळे सारखे झाले, आणि ते आजोबा वाटेनासे झाले. तेव्हापासून हालचाल निवडताना मी एकच गोष्ट बघतो: ही हालचाल झाल्यावर फोटोत नसलेलं काही उघडं पडणार आहे का? पडणार असेल तर ती मागायची नाही.

पुढची चूक व्हिडिओच्या आधीची होती, म्हणून ती लक्षात यायला वेळ लागला. फोटोवर डाग होते, एक घडी पडलेली होती. मी तो आधी चेहरे स्वच्छ करणाऱ्या एका साधनातून काढला. डोळे चकचकीत झाले, कातडी गुळगुळीत झाली, मी खूश झालो. आत्यानं ते चित्र पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. आजीच्या कपाळावर कुंकू नव्हतं. आजोबा शेजारी बसलेले आणि आजीचं कपाळ मोकळं! काळ्यापांढऱ्या फोटोत लाल कुंकू गडदच उमटतं, आणि लाल रंग न टिपणाऱ्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तर पार काळं. साधनाला ते कपाळावर पडलेला डाग वाटलं असणार. आता मी घडी आणि डाग हातानं काढतो, तेही फक्त भिंतीवरचे, कपड्यांवरचे. चेहऱ्यावर ओरखडा असला तरी तो राहू देतो.

तिसरी गोष्ट मापाची. सुरुवातीला मी फोटोचा मोबाइलवर फोटो काढून, व्हॉट्सॲपवरून आलेलीच प्रत वापरली होती. नंतर ६०० डीपीआयवर स्कॅन केला. सहा इंचांचे ३,६०० पिक्सेल झाले आणि आजीचा जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचा चेहरा साधारण २३६ पिक्सेल भरला. हे पुरेसं वाटलं, पण व्हिडिओ १,२८० पिक्सेल रुंद निघत होता. अख्खा फोटो त्यात बसवला की चेहरा आक्रसून ८४ पिक्सेलवर येतो. त्यातही अशी बरीच साधनं आतमध्ये चित्र आठ-आठ पिक्सेलच्या चौकोनांत आवळून मगच हालचाल रचतात. म्हणजे आजीच्या चेहऱ्याच्या वाट्याला उंचीत दहा चौकोन, आणि एका डोळ्याला दीड. दीड चौकोनात माणसाची नजर कशी टिकणार? समूहफोटोत मागच्या रांगेतले चेहरे मेणासारखे वितळतात ते याच कारणानं. म्हणून अख्ख्या फोटोचा हट्ट सोडला. फक्त आजी-आजोबांचा, दोन इंच रुंदीचा भाग कापून घेतला. आता चेहरा अडीचशे पिक्सेलचा झाला, आणि चौकोन तीसच्या वर गेले.

आज्ञेतही सुधारणा झाली. आधी मी "चेहरे बिघडवू नको, दात दाखवू नको" असं लिहीत होतो. नकार वेगळ्या रकान्यात लिहायची सोय काही साधनांत असते, पण मूळ आज्ञेत "दात" हा शब्द आला की दात यायची शक्यता उलट वाढते. काय नको हे सांगण्यापेक्षा काय स्थिर आहे आणि काय हलतंय, तेवढंच लिहायचं. कॅमेराही हलवायचा नाही, कारण "हळूच जवळ जा" म्हटलं तरी नाक आणि कान यांतलं अंतर बदलायला लागतं. शेवटी टिकलेली आज्ञा ही:

```
Static locked camera. Black and white photograph, original grain.
The loose edge of the woman's sari and the neem leaves behind
stir slightly in a light breeze. Both people sit still, facing
forward, lips closed, eyes open.
```

छाती श्वासानं हलावी असंही एकदा लिहून पाहिलं, पण त्याबरोबर मान उचलली जाते आणि जबड्याची रेघ बदलते. ते काढून टाकलं.

एवढं करूनही चेहरा शेवटपर्यंत तसाच राहत नाही. पहिली चौकट फोटोबरहुकूम असते, पुढं प्रत्येक चौकटीत थोडं थोडं सरकत जातं. ते नुसतं बघून कळत नाही, डोळा सरावतो. शेवटची चौकट मूळ स्कॅनवर ठेवून वरचा थर बंद-चालू करायचा. नाकपुड्या, भुवया, ओठांचे कोपरे जागचे हलले की लगेच उडी मारल्यासारखे दिसतात. म्हणून पाचपैकी पहिले तीनच सेकंद ठेवले.

त्यावर खरा उपाय एडिटिंगमध्ये सापडला. व्हिडिओच्या वर मूळ स्कॅनचा थर ठेवला आणि केसांच्या रेघेपासून गळ्यापर्यंतचा भाग तेवढा दिसू दिला, कडा मऊ करून. म्हणजे चेहरा अस्सल फोटोतला, यंत्राचा हात न लागलेला, आणि हलतो तो फक्त पदर नि लिंबाचा पाला. कॅमेरा स्थिर असेल तरच हे जमतं, नाहीतर थर जुळत नाहीत. पहिल्यांदा चेहरे चिकटवल्यासारखे दिसले, कारण व्हिडिओतले फोटोचे कण हलत होते आणि चेहऱ्यावरचे थिजलेले. सगळ्यावर मिळून एकच हलका कणांचा थर दिल्यावर ते मिसळले. आजीच्या पदराची कड हनुवटीजवळून जाते तिथं मात्र शिवण दिसायची. तेवढा पदर मी स्थिर ठेवला, खांद्यावरचाच हलू दिला.

सतरंजीवरचे धाकटे काका फोटो काढताना हलले होते, त्यांचा चेहरा मुळातच धूसर आहे. यंत्र त्या जागी दरवेळी एक नीटनेटकं, कुणाचं तरी भलतंच पोर काढायचं. तो भाग मी व्हिडिओत घेतलेलाच नाही.

पण पहिला, दातांचा व्हिडिओ मी उत्साहाच्या भरात घरच्या ग्रुपवर टाकून बसलो होतो. त्यातली एक चौकट थांबवून एका चुलतभावानं मोठी करून घेतली आणि पितृपक्षात भिंतीवर लावली. मी त्याला स्कॅनवरून काढलेली प्रत पाठवली, कारण सांगितलं. तो म्हणाला, "अरे, पण यात आजी हसतीय." त्याची लेकरं आजीला त्याच फोटोवरून ओळखतात. नवीन व्हिडिओच्या कोपऱ्यात आता मी लिहून ठेवलंय: हालचाल संगणकानं केलेली, चेहरे मूळ फोटोतले.