झोपेसाठी कपबशी

लातुरात उद्योग भवनाच्या परिसरातले क्लासचे दिवे रात्री विझतात, पण आसपासच्या खोल्यांमधली डोकी विझत नाहीत. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणारी मुलं भाड्याने राहतात, त्यामुळे हे मी जवळून पाहतो. दिवसभर पुस्तकावर डुलक्या आणि अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. अंधारात हीच आकडेमोड सुरू होते. चाचणीत बारा चुकले, म्हणजे अठ्ठेचाळीस हातचे गेले, वर बारा कापले, एकूण साठ. साठ गुणांत किती मुलं पुढे निघून गेली असतील? मग पुन्हा पहिल्या चुकलेल्या प्रश्नापासून उजळणी.

"काका, डोळे मिटले की पेपरच दिसायलाय," वरचा एक मुलगा म्हणाला. अहमदपूरकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा पोरगा. मी त्याला विचार थांबवायला सांगितलं नाही, कारण ते कुणालाच जमत नाही. एखादा विचार आणायचा नाही असं ठरवलं, की तो आला का हे तपासण्यासाठी मन त्यालाच हाक मारत राहतं. मी त्याला एक शब्द दिला: कपबशी.

ही युक्ती माझी नव्हे. ल्यूक बोदुआँ नावाच्या कॅनडातल्या संज्ञानशास्त्रज्ञाने ती मांडली. इंग्रजीत तिला 'कॉग्निटिव्ह शफलिंग' म्हणतात, म्हणजे पत्ते पिसतात तसे विचार पिसायचे. एखादा साधा, कुठलीही भावना न चाळवणारा शब्द घ्यायचा. त्याच्या पहिल्या अक्षराने सुरू होणारी एक वस्तू आठवायची आणि ती मनासमोर आणायची. पाच-दहा सेकंद ती पाहायची, सोडून द्यायची, त्याच अक्षराची दुसरी घ्यायची. पहिलीचा दुसरीशी संबंध नको. त्या अक्षरावर आठवेनासं झालं की पुढचं अक्षर. बस्स, एवढंच.

मराठीत हे करताना शब्द थोडा निवडून घ्यावा लागतो. 'कमळ' घेतलं तर तिसऱ्या अक्षराला गाडी अडते, कारण ळ ने सुरू होणारा शब्द आपल्याकडे नाही. ण चीही तीच गत. आणि झोपायला निघालेला माणूस असा अडला की हट्टाला पेटतो, ळ चा शब्द शोधत बसतो आणि लख्ख जागा होतो. कपबशीत ही अडचण नाही. क, प, ब, श ही चारही अक्षरं भरघोस वस्तू देणारी आहेत. काना-मात्रा मोजायच्या नाहीत. क म्हटल्यावर करवतही चालते, कुलूपही आणि कोयताही. शब्द निवडताना आणखी एक पथ्य. 'सातबारा' हाही अक्षरांच्या दृष्टीने उत्तम शब्द आहे, पण मराठवाड्यात तो घेऊन कुणाला झोप लागेल असं मला वाटत नाही.

असं असंबद्ध पाहिल्याने झोप का यावी? बोदुआँचं म्हणणं असं, की झोपेच्या उंबरठ्यावर मेंदूत आपसूकच तुटक, एकमेकांशी नातं नसलेली चित्रं तरळू लागतात. हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे: बसच्या खिडकीला डोकं टेकून पेंगताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं आणि मध्येच कुठूनतरी एक हंडा दिसून जातो. उलट माणूस बेत आखत असेल, हिशोब करत असेल, कुणाला काय उत्तर द्यायचं ते जुळवत असेल, तर मेंदूच्या लेखी अजून काम चालू आहे आणि जागं राहणं भाग आहे. म्हणून ती तुटक चित्रं आपणच पुरवायची. त्यातून दोन गोष्टी साधतात. हिशोबाला जागा उरत नाही आणि मेंदूला खूण मिळते की आता निजायला हरकत नाही. हा सिद्धान्त आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

चित्रच का, नुसता आकडा का नाही? मेंढ्या मोजण्याचा सल्ला आपल्याकडे पुस्तकांतून आला. आपल्या धनगराला विचारा, तो मेंढ्या मोजतो तो एखादी हरवली तर नाही ना हे बघायला, झोपायला नव्हे. मोजणी इतकी सवयीची असते की तोंड मोजत राहतं आणि खाली मन आपला उद्योग करत राहतं. नामजपाचंही अनेकांच्या बाबतीत असंच होतं. माळ पुढे सरकते आणि मन बाजार समितीत सोयाबीनचा भाव विचारून येतं. (ज्यांना जपाने झोप लागते त्यांनी तो मुळीच सोडू नये.) ऑक्सफर्डमध्ये ॲलिसन हार्वी आणि सुझॅना पेन यांनी झोप न लागणाऱ्या लोकांवर एक प्रयोग केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. काहींना मनासमोर एखादं रंजक आणि शांत दृश्य उभं करायला सांगितलं, काहींना नुसतंच 'मन दुसरीकडे वळवा' म्हटलं, काहींना काहीच सांगितलं नाही. दृश्य उभं करणाऱ्यांना, काहीच न सांगितलेल्यांपेक्षा लवकर झोप लागली. नुसतं मन वळवणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. बारकाव्यांसह एखादी गोष्ट पाहायला मनाची बरीच जागा लागते, म्हणून काळजीला शिरकाव मिळत नाही.

आता वरच्या मुलाची गोष्ट. सकाळी विचारलं तर म्हणाला, "काका, उलटं झालं." क ला त्याला कार्बन दिसला, प ला परागकण, ब ला बेंझीन, श ला शुक्रपेशी. चारही अक्षरांना अभ्यासक्रमच! परागकणावर आल्यावर त्याने त्याचे थर आठवून पाहिले, एका थराचं नाव आठवेना, तो दिवा लावून उठला आणि पुस्तक उघडून बसला. मी हसलो, पण त्याने दुखणं नेमकं दाखवलं होतं. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या मुलाला प्रत्येक मिनिटाचा उपयोग करायला शिकवलेलं असतं. या युक्तीची अटच अशी, की जे पाहायचं त्याचा काडीचा उपयोग नसावा. हुशार मुलांना इथेच जड जातं.

मग आम्ही एक दुरुस्ती केली. पुस्तकात छापलेली कुठलीही गोष्ट बाद. हाताने उचलता येईल किंवा डोळ्याने पाहिली असेल अशीच वस्तू घ्यायची. क: करवत, कासव, कंदील, कवठ. प: परात, पतंग, पायरी, पोपट. ब: बाज, बदक, बुट्टी. वस्तू नुसती आठवून भागत नाही, बघावी लागते. कवठ म्हटलं तर त्याचं खडबडीत कवच, त्यावरचा पांढुरका रंग, फोडल्यावर आतला तपकिरी गर. एवढं झालं की सोडून द्यायचं. कासवाच्या पाठीवर कंदील बसवायचा मोह होतो, तो टाळायचा. गोष्ट सुरू झाली की पुढे काय होईल ही उत्सुकता आली, आणि उत्सुकता माणसाला जागं ठेवते.

घरच्या वस्तूही सगळ्या निरुपद्रवी नसतात. त्याला एकदा कडबा दिसला आणि त्यामागे, वडिलांनी बैल विकला तो दिवस. लातूरकराला प वरून पाणी सुचलं, तर 2016 साली मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे आठवते आणि तिच्यामागे घागरींची रांग. असा शब्द आला की त्याच्याशी झटापट करायची नाही, तसाच पुढचा घ्यायचा. परातीला कुणाचं दुःख चिकटलेलं नसतं. असलं तर बुट्टी आहेच.

युक्ती लागू पडतेय याची खूण मजेशीर असते. आपण कुठल्या अक्षरावर होतो ते आठवत नाही. ब चालू असताना मध्येच न मागवलेली एखादी चप्पल दिसते आणि ती गैर वाटत नाही. अशा वेळी भानावर येऊन 'ब वरच होतो ना' म्हणत मागे फिरू नये. तिथून पुढचं काम झोपेचं. आणि 'लागली का, लागली का' हे तपासणं सगळ्यात वाईट, कारण तपासायला एक पहारेकरी जागा ठेवावाच लागतो.

अक्षरांचा कंटाळा असेल तर लातूरकरांना दुसरी सोय आहे: गंजगोलाई. 1917 साली आखलेला हा गोल बाजार, मध्ये दुमजली इमारत, तिथे जगदंबेचं देऊळ आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. मधोमध उभं राहायचं आणि मन ज्या रस्त्यावर जाईल तिथली एकच गोष्ट पाहायची: मिरचीची रास, गुळाची भेली, सराफाचा तराजू, टांगलेल्या चपला. मग एकदम समोरचा रस्ता. ओळीने जाऊ नये. ओळीने गेलं की या दुकानानंतर कुठलं दुकान, अशी स्वतःचीच परीक्षा सुरू होते. ज्यांना डोळे मिटून काहीच दिसत नाही अशीही माणसं असतात. त्यांनी गुळाचा वास घ्यावा, तराजूची किणकिण ऐकावी.

या युक्तीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बोदुआँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली 154 विद्यार्थ्यांवरचा अभ्यास मांडला. डोक्यात विचारांचा गोंधळ असल्याची या सगळ्यांची तक्रार होती. चित्रं पाहणाऱ्यांना फायदा झाला. पण संध्याकाळी बसून काळज्या आणि त्यावरचे उपाय कागदावर लिहून काढणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच झाला. दोन्हीतला फरक इतकाच, की चित्रांसाठी दिवा लावावा लागत नाही. निष्कर्ष विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेल्या अनुभवावर बेतलेला होता, आणि या पद्धतीचं ॲप बोदुआँचंच आहे, हेही वाचकाला माहीत असावं.

शिवाय भीती वेगळी आणि गुंता वेगळा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीत ज्यांनी घर कोसळताना पाहिलं, त्यांना त्या वेळेला दचकून जाग येत असेल तर कपबशी देणं ही चेष्टा होईल. त्यांना मनाच्या डॉक्टरचीच मदत हवी. तीन महिने, आठवड्यातून तीनदा झोप उडत असेल किंवा मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल, तरी डॉक्टरकडेच जावं. आणि साध्या रात्रीही वीसेक मिनिटं होऊन गेलीशी वाटली तर अंथरूण सोडून मंद उजेडात बसावं, डोळे जड झाले की परत यावं. पलंग ही जागं राहायची जागा आहे अशी सवय अंगाला लागू देऊ नये.

वरच्या मुलाचं आता बरं चाललंय, रोज नाही, पण बऱ्याच रात्री. ज्या रात्री जमत नाही त्या बहुतेक एकसारख्या असतात: साडेदहाला घरून फोन येतो, वडील प्रेमानेच विचारतात, "चाचणीत किती पडले रे?" तो आकडा सांगतो, फोन ठेवतो आणि आडवा होतो. मग कपबशीने काय करावं? तेव्हा ज्यांची मुलं लातुरात शिकायला आहेत त्यांना एवढंच सांगायचंय: गुण विचारायचे तर संध्याकाळी जेवणाआधी विचारा. रात्रीच्या फोनवर म्हैस कशी आहे ते सांगा.