अण्णांचा दोरा

स्मृतिदिनाला वक्ता उभा राहिला की गेलेल्या माणसाची पदं मोजायला लागतो. गावशाखेचे अध्यक्ष होते, विहाराचं बांधकाम केलं, अमुक समितीवर होते. खरंच असतं सगळं. पण माणूस घरात कसा वावरला, ते त्यात कुठेच सापडत नाही.

अण्णांचा पहिला स्मृतिदिन रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत झाला. पान ठेवणं नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. बावीस प्रतिज्ञांतली श्राद्ध-पिंडदानाची प्रतिज्ञा अण्णांनी घरात शब्दशः पाळली होती. त्रिसरण-पंचशील झालं आणि आम्ही भावंडांच्या वतीने नातेवाईकांसमोर बोलायला उभे राहिलो. पदांचं सोडून दोऱ्याचं बोललो.

आईची नजर कमी झाल्यापासून सुई ओवायचं काम अण्णांचं होतं. रोज संध्याकाळी दिवा लागला की ते तीन-चार सुया ओवून उशीला टोचून ठेवत. दोऱ्याचं टोक तोंडात कधी घेत नसत. वाटीत बोट बुडवायचं, अंगठा आणि तर्जनीत टोक पिळायचं, मग ओवायचं. आम्ही दोरा ओठाला लावला की हात धरायचे.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं. आजोबा मुंबईच्या गिरणीत सूतखात्यात होते. कापड विणायच्या खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण कामगारांना अस्पृश्य शेजारी नको होता. मालक अडवत होते तेवढेच सोबतचे कामगारही अडवत होते, हे आपल्याकडे कामगार-एकजुटीवर बोलणारे सहसा विसरतात. 1928च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा उचलला: विणाईखातं आमच्या माणसांना खुलं करा.

अण्णाही पुढे सूतखात्यातच लागले. तुटलेला धागा बोटांनी जोडायचं काम. 1982चा संप झाला, गिरणी सुटली, ते गावी आले. बोटांची सवय मात्र राहिली. कुंपणाचा काथ्या तुटला तरी ते गाठ मारण्याआधी दोन्ही टोकं पिळून बघायचे. सुतळी, नाडी, आमच्या पतंगाचा मांजा, सगळ्याला तेच.

"तोंडाने ओढायचं सूत आपल्याला नको होतं," ते म्हणायचे, "पगार हवा होता."

आम्ही एवढं बोललो तेव्हा मागे बसलेली आत्या म्हणाली, "आणि वाटीतलं पाणी तो तुळशीला नाही, मिरचीच्या रोपाला घालायचा. तेपण सांग की रे." मग काकांनी काथ्याची गाठ कशी मारायचे ते हाताने करून दाखवलं, आणि ते चुकीचं आहे म्हणून आईने त्यांना थांबवलं.