वाढ्याचे पैसे

बाप मेला तरी त्याची उचल मरत नाही. मुकादमाच्या वहीत ती तशीच राहते आणि दसऱ्याच्या आत घरातल्या थोरल्याच्या अंगावर येते. दादा, तू तेव्हा नववीत होतास. आप्पांच्या तेराव्याला मुकादम आला, पंगतीत जेवला आणि जाताना आईला हळूच म्हणाला, "थोरला आलाय की आता हाताशी." त्या वर्षी वर्गात तुझी जागा रिकामी राहिली. आम्हा दोघांची मात्र भरलेली होती.

उसाच्या फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा. अर्ध्या कोयत्याला उचलही अर्धीच, म्हणून आई तुझ्यासोबत निघाली आणि मायलेकरांचा पुरा कोयता झाला. आम्हाला आजीजवळ ठेवलं. अंगावर पिणारी धाकटी तुमच्याबरोबर गेली. पहाटे कोपीतून निघताना तू तिला खांद्यावर घ्यायचास, फडाच्या कडेला वाढ्यांच्या सावलीत निजवायचास आणि मग कोयता हातात धरायचास. दिवसभर तोड, मोळ्या बांधणं, आणि रात्री ट्रक आला की त्याच मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढणं. ट्रकची वेळ ट्रकच्या मनावर. झोप उरेल तेवढी तुझी.

या मजुरीतला पैसा हातात येत नसे. टनामागचा भाव वहीत लिहिला जाई आणि उचलीतून वजा होई. पट्टा पडल्यावर हिशोब व्हायचा, तेव्हाही काही ना काही बाकी निघायची. ती बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळायची. मग आमची फी कुठून आली?

वाढ्यांतून. उसाचा हिरवा शेंडा छाटून त्याच्या पेंढ्या बांधायच्या आणि त्या गावातल्या म्हशीवाल्यांना विकायच्या, एवढाच पैसा वहीबाहेर राहायचा. त्यातूनच आठवड्याचं मीठ, तेल, पीठ, धाकटीचं औषध. त्यातूनच तू उरवायचास. गावाकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती रुमालाची गाठ यायची आणि आजी ती आमच्यासमोर सोडायची. नोटांना चिकाचा वास असायचा. आठवीपर्यंत शाळेला पैसे फारसे लागले नाहीत. खरी ओढाताण अकरावीपासून सुरू झाली. खोलीचं भाडं, मेस, परीक्षेचा फॉर्म, आणि आधी भरून मागाहून शिष्यवृत्तीत परत मिळणारी फी. परत मिळणार हे खरं. पण आधी भरायचे पैसे गरिबाच्या घरी कुठून यायचे? ज्यांनी ती योजना आखली त्यांच्या घरात कुणी वाढे विकले नसावेत.

आईची कंबर गेली तेव्हा मुकादमानं तुझं लग्न ठरवायची घाई केली. कोयता पुन्हा अर्धा झाला होता. वहिनी घरात आली ती अशी. तिचीही शाळा सुटलीच होती. आम्हाला शिकवायला दोन जणांची शाळा लागली, हे मला फार उशिरा कळलं.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. परळीजवळच्या नाथ्र्याचे पांडुरंग मुंडे 1969 साली गेले. लिंबाबाई आणि थोरले पंडितअण्णा पाठीशी उभे राहिले, म्हणून धाकटे गोपीनाथ अंबाजोगाईत आणि पुढं पुण्यात शिकू शकले. तेच पुढं ऊसतोड मजुरांचे पुढारी झाले, राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. घरोघरच्या थोरल्यांचं नाव मात्र कुठं येत नाही. आमच्या पदव्यांवर आमचं आणि आप्पांचं नाव आहे, दादा. तुझं नाही.

तू गेलास तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हतीस. खांदा द्यायला आम्ही तिघंही होतो, धाकटीसुद्धा. तिनं कुणाचं ऐकलं नाही. तुझ्या डोक्यावर मोळीच्या चुंबळीनं केस कधी नीट उगवू दिले नव्हते. त्या जागेवरून तिनं हात फिरवला आणि मग उचललं.

आता जे बीडच्या शाळांत शिकवतात त्यांना माझं एक सांगणं आहे. बाप गेलेल्या घरातली धाकटी भावंडं वर्गात दिसतात, म्हणून निश्चिंत राहू नका. त्यांचा थोरला कुठं आहे, ते विचारा. आई जिवंत असली तरी बालसंगोपन योजनेत मुलाला महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात. 2023 साली ही रक्कम 1100 वरून वाढवली आहे. वडिलांचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि शाळेचं बोनाफाईड जोडून अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो. अनाथांसाठीच ती योजना आहे, असं समजून कितीतरी आया अर्जच करत नाहीत. तो फॉर्म तुम्ही भरून द्या, आणि दसऱ्याच्या आधी द्या. दसऱ्यानंतर थोरला फडात गेलेला असतो.